काझाच्या थंडीसाठी रेडिएटर भरताना

जानेवारीत नाशिकहून गाडी घेऊन स्पितीला निघणारी मंडळी टायरच्या साखळ्या घेतात, बॅटरी तपासून घेतात, डिझेल गाडी असेल तर थंडीत डिझेल घट्ट होतं त्याचीही चौकशी करतात. रेडिएटरकडे मात्र फारसं कुणी पाहत नाही, कारण बाटलीत हिरवं किंवा गुलाबी कूलंट दिसत असतं आणि तेवढ्यावर समाधान होतं. शिमला, रिकाँग पिओ, नाको, ताबो असा हा रस्ता काझाला पोचतो तेव्हा आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ३,७०० मीटरवर असतो, आणि जानेवारीच्या रात्री पारा उणे २० च्या आसपास असतो, कधी त्याहूनही खाली. गाडी रात्रभर उघड्यावर उभी राहणार. आत जे द्रावण आहे ते नेमकं किती अंशाला गोठतं, हे आधी माहीत असायला हवं. रंगावरून ते कळत नाही. मोजून आणि थोडं गणित करून कळतं.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत काय असतं, तर एक भाग कूलंट आणि तीन भाग पाणी. महाराष्ट्रात हे चालून जातं, कारण इथे कूलंटकडून गंज रोखणं आणि मे महिन्यात कसारा घाट चढताना पाणी उकळू न देणं एवढंच अपेक्षित असतं. हेच मिश्रण काझाला नेलं तर काय होईल, ते मोजायचं, मिश्रण दुरुस्त करायचं आणि पुन्हा मोजायचं, अशी ही कृती आहे. उदाहरणासाठी मी सहा लिटर क्षमतेची गाडी धरली आहे. तुमच्या गाडीची क्षमता मालकासाठीच्या पुस्तिकेत दिलेली असते. तो आकडा पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण सगळं गणित त्यावर उभं आहे.

साहित्य फार लागत नाही. इथिलीन ग्लायकॉलवर आधारित कूलंटचं कॉन्सन्ट्रेट दोन लिटर, आणि ते गाडीत आधीपासून असलेल्याच प्रकारचं. वरच्या भरीसाठी थोडं जास्तीचं कॉन्सन्ट्रेट आणि तितकंच डिस्टिल्ड पाणी, म्हणजे आपण बॅटरीत घालतो ते. लिटरच्या खुणा असलेलं भांडं, नरसाळं, पसरट घमेलं, रबरी हातमोजे. चाचणीसाठी बर्फ, जाडं मीठ, थर्माकोलचा डबा आणि उणे अंश दाखवणारा थर्मामीटर. कॉन्सन्ट्रेट घेताना बाटली नीट वाचा. बाजारात पाणी घालून तयार केलेलं मिश्रणही तशाच बाटलीत मिळतं, आणि ते कॉन्सन्ट्रेट समजून वापरलं तर पुढचा एकही आकडा खरा ठरणार नाही. बोअरच्या पाण्याला मी हात लावू देणार नाही. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात.

दोन गोष्टी कामाला हात घालण्याआधी. गरम इंजिनचं झाकण कधीही उघडायचं नाही, कारण आतलं द्रावण दाबाखाली शंभर अंशांच्याही वर असू शकतं आणि झाकण फिरताच ते उकळून अंगावर उडतं. आणि इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे. चवीला ते गोडसर असतं, म्हणून सांडलेलं कूलंट कुत्री-मांजरं चाटतात, लहान मुलं बोट घालून चाखतात. थोडंसं पोटात गेलं तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. स्वयंपाकघरातलं एकही भांडं या कामासाठी घेऊ नका आणि फ्रिजच्या फ्रीझरमध्ये नमुना ठेवण्याचा मोह टाळा. चाचणी अंगणातच करायची.

आता पहिलं काम, गाडीत सध्या काय आहे ते शोधणं.

इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे शक्यतो सकाळी, झाकण उघडून अर्धी वाटीभर द्रावण काढा. ते टाकाऊ काचेच्या छोट्या, अरुंद बाटलीत घ्या. थर्माकोलच्या डब्यात बारीक फोडलेला बर्फ घ्या आणि वजनाने त्याच्या साधारण एक तृतीयांश मीठ त्यात नीट मिसळा. हे मिश्रण उणे १५ च्या खाली जाऊ शकतं. तत्त्वतः मीठ-बर्फाची मर्यादा उणे २१ आहे. मीठ इथे जे करतं तेच ग्लायकॉल रेडिएटरमध्ये करतं, त्यामुळे चाचणीचं साधन आणि चाचणीचा विषय एकाच नियमावर चालतात. बाटली बर्फात रोवा, आत थर्मामीटर ठेवा आणि तारेने द्रावण ढवळत राहा. ढवळणं महत्त्वाचं आहे. स्थिर द्रावण गोठणबिंदूच्या चार-पाच अंश खाली जाऊनही पातळ राहू शकतं, आणि मग आकडा फसवा येतो. तारेने बाटलीची आतली बाजू घासली की स्फटिकांना सुरुवात मिळते.

पहिले बारीक स्फटिक दिसतील त्या वेळचा आकडा लिहून ठेवा. तोच गोठणबिंदू. शुद्ध पाणी असतं तर पूर्ण गोठेपर्यंत पारा शून्यावर थांबला असता. इथे तो थांबत नाही, हळूहळू खाली सरकत राहतो, कारण गोठतं ते फक्त पाणी. बर्फाच्या स्फटिकात ग्लायकॉलला जागा नसते, म्हणून उरलेलं द्रावण अधिकाधिक तीव्र होत जातं आणि त्याचा गोठणबिंदू आणखी उतरतो. म्हणून पहिल्या स्फटिकाचा क्षण पकडायचा.

समजा आकडा आला उणे ११. आता गणित.

शून्य अंशाला बर्फ आणि पाणी एकत्र असतात तेव्हा बर्फाच्या पृष्ठभागावर सतत दोन गोष्टी चालू असतात. पाण्यातले रेणू येऊन स्फटिकाला चिकटतात, आणि स्फटिकातले रेणू सुटून पाण्यात जातात. दोन्ही वेग सारखे असतात, म्हणून ना बर्फ वाढत, ना घटत. पाण्यात ग्लायकॉल मिसळलं की बर्फाला भिडणाऱ्या रेणूंपैकी काही ग्लायकॉलचे असतात, आणि ते चिकटू शकत नाहीत. चिकटण्याचा वेग मंदावतो, सुटण्याचा मात्र तसाच राहतो, आणि बर्फ वितळू लागतो. पुन्हा बरोबरी साधायची तर तापमान आणखी खाली न्यावं लागतं. उकळण्याच्या बाजूलाही असंच घडतं. द्रावणातून बाहेर पडू पाहणारे पाण्याचे रेणू कमी पडतात, बाष्पदाब उतरतो, आणि तो बाहेरच्या दाबाइतका व्हायला द्रावण जास्त तापवावं लागतं. एकाच कारणाने गोठणबिंदू खाली जातो आणि उत्कलनबिंदू वर जातो.

विरल द्रावणात हे बदल मिसळलेल्या कणांच्या संख्येवर अवलंबून असतात, ते कण कशाचे आहेत यावर नाही. फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे फ्रांस्वा-मारी राउल्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात द्रावणांचे गोठणबिंदू आणि बाष्पदाब चिकाटीने मोजून हा नियम पक्का केला. सूत्रं दोन:

ΔTf = Kf × m
ΔTb = Kb × m

पाण्यासाठी Kf म्हणजे १.८६ आणि Kb म्हणजे ०.५१२. m म्हणजे मोलॅलिटी: एक किलो पाण्यात मिसळलेल्या पदार्थाचे किती मोल आहेत ती संख्या. इथे लिटरमागे मोल न धरता किलोमागे धरतात त्याला व्यवहारातलं कारण आहे. हेच द्रावण रात्री उणे २० ला असेल आणि दुपारी नव्वदच्या वर. त्याचं आकारमान तेवढ्यात बदलतं, म्हणून तर शेजारी फुगवट्याची बाटली जोडलेली असते. वस्तुमान मात्र बदलत नाही. एकदा काढलेली मोलॅलिटी रात्रीही तीच आणि दुपारीही तीच.

आपल्या नमुन्याचा गोठणबिंदू ११ अंशांनी उतरलेला आहे. मोलॅलिटी झाली ११ ÷ १.८६, म्हणजे सुमारे ५.९. इथिलीन ग्लायकॉलच्या एका मोलचं वजन ६२.०७ ग्रॅम. म्हणजे एक किलो पाण्यामागे ५.९ × ६२.०७, साधारण ३६६ ग्रॅम ग्लायकॉल. त्याची घनता दर मिलिलिटरला सुमारे १.११ ग्रॅम, तेव्हा हे झालं ३३० मिलिलिटर. एक लिटर पाण्याला एक तृतीयांश लिटर ग्लायकॉल, म्हणजे एकास तीन. गॅरेजमध्ये काय भरलं होतं ते कुणाला न विचारता कळलं. नाशिकमध्ये याने काहीच बिघडत नाही, पण काझाच्या रात्रीच्या नऊ-दहा अंश आधीच हे द्रावण गोठू लागेल.

ज्यांच्याकडे रिफ्रॅक्टोमीटर आहे त्यांनी दोन थेंबांत हेच उत्तर काढावं. फक्त आधी डिस्टिल्ड पाण्याने त्याचं शून्य लावून घ्यावं, आणि पट्टी इथिलीन ग्लायकॉलचीच वाचावी. प्रोपिलीन ग्लायकॉलची पट्टी वेगळी असते आणि बऱ्याच उपकरणांत दोन्ही शेजारी छापलेल्या असतात.

आता किती हवं ते ठरवू. रात्र उणे २० ची असली तरी लक्ष्य तिथे ठेवायचं नाही. काही रात्री त्याहून थंड असतात, आणि कॉन्सन्ट्रेटमध्येही सगळं ग्लायकॉल नसतं, गंजरोधकं आणि थोडं पाणी असतं. निम्मं-निम्मं मिश्रण करावं असं माझं मत आहे. सहा लिटरमध्ये तीन लिटर ग्लायकॉल आणि तीन लिटर पाणी. हिशेब असा: तीन लिटर ग्लायकॉल म्हणजे ३,००० × १.११, म्हणजे ३,३३० ग्रॅम. भागिले ६२.०७, म्हणजे ५३.६ मोल. पाणी तीन किलो. मोलॅलिटी १७.९. मग

ΔTf = १.८६ × १७.९ = ३३.३
ΔTb = ०.५१२ × १७.९ = ९.२

सूत्र सांगतं की हे द्रावण उणे ३३ ला गोठेल आणि समुद्रसपाटीला १०९ अंशांना उकळेल. प्रत्यक्षात असं मिश्रण उणे ३७ च्या सुमारास गोठतं आणि साधारण १०७ ला उकळतं. फरक पडतो, कारण ही सूत्रं विरल द्रावणांसाठी आहेत आणि इथे तर अर्धं भांडं ग्लायकॉलने भरलेलं आहे. पाण्याचा एक रेणू ग्लायकॉलच्या शेजारी असणं आणि दुसऱ्या पाण्याच्या शेजारी असणं, यात इतक्या तीव्रतेला फरक पडू लागतो. तरीही अंदाज म्हणून सूत्र पुरेसं जवळ येतं. गोठण्याच्या बाजूला ते आपल्याला थोडं सावध ठेवतं, म्हणजे चूक झाली तरी सुरक्षित दिशेने. उकळण्याच्या बाजूला मात्र ते जरा जास्त आश्वासन देतं. तिकडे नवाऐवजी सात अंश धरून चालावं.

मग शंभर टक्के ग्लायकॉलच का भरू नये, असा प्रश्न काहींना पडतो, आणि थंडीच्या भीतीने तसं करणारेही असतात. शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे १३ लाच गोठतं. पाण्यात ग्लायकॉल वाढवत गेलं की साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत गोठणबिंदू उतरतो आणि त्यानंतर पुन्हा वर येऊ लागतो, कारण आता ग्लायकॉलचे स्फटिक व्हायला पाण्याचे रेणू अडथळा आणत असतात आणि तो अडथळा कमी होत जातो. शिवाय ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. निम्म्या मिश्रणाचीच उष्णता धरण्याची क्षमता पाण्याच्या साधारण चार-पंचमांश असते, आणि थंडीत ते दाटही होतं, त्यामुळे पंपावर ताण येतो. निम्म्याच्या पुढे जाण्याचं स्पितीसाठी काही कारण नाही.

आता बदलायचं कसं. इथे बऱ्याच ठिकाणी जी पद्धत वापरतात ती धोक्याची आहे, म्हणून आधी तीच सांगतो. जुनं कूलंट सोडून देतात, साध्या पाण्याने सिस्टिम धुतात, खालचा नळ उघडून पाणी काढतात आणि तयार निम्मं मिश्रण वरपर्यंत भरतात. बाटलीवर उणे ३७ लिहिलेलं असतं, मालक निश्चिंत. पण खालच्या नळातून फक्त रेडिएटर रिकामा होतो. इंजिन ब्लॉकमध्ये आणि हीटरच्या जाळीत धुण्याचं पाणी तसंच राहतं. समजा अडीच लिटर राहिलं आणि साडेतीन लिटर तयार मिश्रण मावलं. ग्लायकॉल झालं पावणेदोन लिटर, पाणी सव्वाचार. १,९४२ ग्रॅम भागिले ६२.०७ म्हणजे ३१.३ मोल, भागिले ४.२५ म्हणजे मोलॅलिटी ७.४. गोठणबिंदू उणे १४. किती मावलं ते कुणी मोजलं असतं तर तिथेच लक्षात आलं असतं: सहा लिटरच्या गाडीत साडेतीनच लिटर गेलं, मग बाकीचं कुठे आहे?

आपल्या कामात धुणं नकोच, जुनं कूलंट स्वच्छ असेल तर. ते गढूळ, तपकिरी किंवा तेलकट असेल, तर मुद्दा वेगळा आहे आणि गाडी मेकॅनिककडे न्यावी. स्वच्छ असेल तर आहे त्यातलं थोडं काढून तेवढंच कॉन्सन्ट्रेट घालायचं. किती, ते असं निघतं. सहा लिटरमध्ये सध्या दीड लिटर ग्लायकॉल आहे. आपण 'क्ष' लिटर काढलं, तर उरलेल्यात त्याचा पाव हिस्सा ग्लायकॉल असेल, आणि वर 'क्ष' लिटर कॉन्सन्ट्रेट घातलं की एकूण तीन लिटर व्हायला हवं:

०.२५ × (६ − क्ष) + क्ष = ३

क्ष आला २. पडताळा तोंडीच करता येतो. दोन लिटर काढल्यावर चार लिटर उरलं, त्यात एक लिटर ग्लायकॉल आणि तीन लिटर पाणी. त्यात दोन लिटर कॉन्सन्ट्रेट घातलं, तीन आणि तीन झाले. ब्लॉकमध्ये अडकलेलं द्रावण या हिशेबात धरलेलंच आहे, म्हणून ही पद्धत मला जास्त भरवशाची वाटते.

इंजिन थंड असताना रेडिएटरखाली घमेलं ठेवा, खालचा नळ सैल करा किंवा तो नसेल तर खालच्या होजपाइपची क्लिप सैल करून नळी थोडी सरकवा. वरचं झाकण उघडलं की धार सुरू होते. मापाच्या भांड्यात बरोबर दोन लिटर येऊ द्या आणि बंद करा. अंदाजाने थांबू नका. अर्ध्या लिटरचा फरक पडला तर गोठणबिंदूत सात-आठ अंशांचा फरक पडतो. मग कॉन्सन्ट्रेट नरसाळ्याने सावकाश ओता. भरभर ओतलं की हवेचे बुडबुडे अडकतात आणि दोन लिटर मावतच नाही.

हवा काढणं हा यातला सगळ्यात दुर्लक्षित टप्पा. झाकण न लावता इंजिन सुरू करा आणि गाडीतला हीटर पूर्ण गरमवर ठेवा, पंखा कमी वेगावर. नाशिकच्या गाडीत हीटर वर्षानुवर्षं वापरलेला नसतो, आणि ज्या गाड्यांत हीटरला वेगळा व्हॉल्व्ह असतो तिथे तो बंद राहिल्याने जाळीतलं जुनं पातळ कूलंट तिथेच थांबून राहतं. सगळीकडे निम्मं मिश्रण आणि हीटरच्या जाळीत एकास तीन, म्हणजे काझाला नेमकी तीच जाळी फुटायची. पाणी गोठताना आकारमानाने सुमारे नऊ टक्के वाढतं आणि पातळ ॲल्युमिनियमच्या नळ्यांना ते सोसत नाही. इंजिन गरम होत जाईल तसे बुडबुडे वर येतील, पातळी उतरेल, भर घालत राहा. काही गाड्यांत हवा सोडायचा वेगळा स्क्रू असतो, तो असेल तर धार सलग येईपर्यंत उघडा ठेवा. खालचा होजपाइप हाताला गरम लागला की समजावं, थर्मोस्टॅट उघडला आणि द्रावण सगळीकडे फिरू लागलं. झाकण लावा, अर्धा तास गाडी चालवून या, हीटर चालूच ठेवून. रात्रभर गार होऊ द्या.

सकाळी बाटलीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे ना पाहा, आणि पुन्हा नमुना काढून मीठ-बर्फाची चाचणी करा. या वेळी जुन्या कूलंटचा नमुना शेजारी ठेवा. जुन्यात स्फटिक धरतील आणि नवं तारेने कितीही घासलं तरी स्वच्छ पातळ राहील. मीठ-बर्फ उणे ३७ पर्यंत जाऊ शकत नाही, म्हणून नव्या मिश्रणाचा नेमका आकडा या चाचणीत मिळत नाही. तो हवा असेल तर रिफ्रॅक्टोमीटरच लागतो. काढलेलं दोन लिटर कूलंट गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. झाकणबंद कॅनमध्ये भरून, वर ठळक 'विष' लिहून, टाकाऊ तेल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये द्या.

आता झाकण. थंडीच्या प्रवासात उकळण्याची काळजी कशाला, असं वाटेल. पण काझाला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी, सुमारे ६४ किलोपास्कल असतो, आणि तिथे उघड्या भांड्यातलं साधं पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं. बऱ्याच गाड्यांचा थर्मोस्टॅट उघडायला सुरुवात होते तेही जवळपास याच तापमानाला. गाडी तरीही चालते ती झाकणामुळे. झाकणावर ०.९ असा आकडा असेल तर ते बाहेरच्या दाबापेक्षा ०.९ बार, म्हणजे ९० किलोपास्कल जास्त दाब आत धरून ठेवतं. मुद्दा 'बाहेरच्या दाबापेक्षा' या शब्दांत आहे. मुंबईत आतला एकूण दाब १९० च्या आसपास जातो आणि पाणी ११८ अंशांना उकळतं. काझाला तेच झाकण एकूण दीडशेच्या किंचित वर नेतं आणि पाणी ११२ ला उकळू लागतं. उंचीमुळे सहा-सात अंश गेले. निम्म्या ग्लायकॉलने वाढवून दिलेले अंशही जवळपास तेवढेच. म्हणजे उंचीने जे हिरावलं ते मिश्रणाने भरून दिलं आणि आपण मुंबईत साध्या पाण्यावर होतो तिथे परत आलो. झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर मात्र हे गणित कोसळतं. तेव्हा झाकणाचं रबर आणि स्प्रिंग निघण्यापूर्वी तपासा, शंका असेल तर त्याच दाबाचं नवं झाकण घ्या. जास्त दाबाचं घेऊ नका, होजपाइप आणि जाळी तेवढ्या दाबासाठी बनवलेल्या नसतात.

रस्त्यावर काही बिघडलं तर ओळखायचं कसं? सकाळी गाडी सुरू केली आणि इंजिनचा काटा वर चढतोय, पण खालचा होजपाइप बर्फासारखा गार आहे, तर रेडिएटर गोठलाय असं समजा. हे उलट वाटतं, इतक्या थंडीत गाडी तापते कशी? थर्मोस्टॅट बंद असेपर्यंत रेडिएटरमधलं द्रावण फिरत नाही, त्यावर मात्र समोरची बोचरी हवा आदळत राहते. ते घट्ट होऊन वाट अडवतं आणि इंजिनची उष्णता बाहेर पडायला मार्गच उरत नाही. इंजिन लगेच बंद करा. जाळीवर उकळतं पाणी ओतू नका, धातू तडकतो. गाडी उन्हात किंवा बंदिस्त शेडमध्ये ढकलून, जाड कापड पांघरून, हळूहळू सुटू द्या. सुटल्यावर खाली गळती आहे का पाहिल्याशिवाय पुढे निघू नका.

आणि वाटेत पातळी उतरलेली दिसली तर ढाब्यावरचं पाणी घालणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात महाग पडणारा उपाय. नुसती वाफ होऊन पातळी उतरली असेल तर गेलं ते मुख्यतः पाणी, ग्लायकॉल आतच राहिलं, आणि थोडं डिस्टिल्ड पाणी घातलं तर चालतं. पण गळती असेल तर दोन्ही सारख्याच प्रमाणात जातात. एक लिटर गळलं आणि एक लिटर पाणी घातलं, तर उरलं अडीच लिटर ग्लायकॉल आणि साडेतीन लिटर पाणी, मोलॅलिटी १२.८, गोठणबिंदू सूत्राने उणे २४. पुन्हा एकदा तसंच झालं की मोलॅलिटी साडेनऊवर येते आणि गोठणबिंदू उणे १८ वर. नाशिकमध्ये मेहनतीने साधलेली मोलॅलिटी दोन बाटल्या पाण्यात अर्ध्यावर येते, आणि गाडी पुन्हा काझाच्या रात्रीच्या आवाक्यात जाते. म्हणून निघताना डिकीत दोन लिटर निम्मं-निम्मं मिश्रण, आधीच कालवून, घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये ठेवा. परतल्यावर हे मिश्रण काढायची गरज नाही. इथल्या उन्हाळ्यातही ते चालतं, फक्त वरची भर याच प्रमाणात घालत राहायची.